‘असे वाचावे’: पाच वाक्यांच्या एका शुद्धिपत्रकाबद्दल

पाच वाक्यांचा मजकूर आहे. शेतात तण काढायच्या पॉवर वीडरच्या छोट्या पेट्रोल इंजिनाची मराठी पुस्तिका छापली गेली, तिच्या एका तक्त्यात एक आकडा चुकला, आणि काही महिन्यांनी कंपनीने विक्रेत्यांमार्फत ग्राहकांना एक पत्रक पाठवलं. कंपनीचं नाव मी इथे देत नाही. समीक्षा मजकुराची करायची आहे, आणि असा मजकूर कुठलीही कंपनी लिहू शकली असती. पत्रक असं :

‘सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, मराठी पुस्तिकेतील पृष्ठ ३८ वरील तक्त्यात ऑइल ड्रेन प्लगच्या आवळणीचे मूल्य नजरचुकीने ४२ न्यूटन-मीटर असे छापले गेले आहे. त्याऐवजी सुधारित मूल्य २४ न्यूटन-मीटर असे वाचावे. ज्यांनी ऑइल बदलले आहे त्यांनी प्लग योग्य टॉर्कला तपासून घ्यावा. शंका असल्यास इंग्रजी पुस्तिका ग्राह्य धरावी. तसदीबद्दल दिलगीर आहोत.’

पहिल्या वाचनात यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. चूक मान्य केली आहे, बरोबर आकडा दिला आहे, पुढे काय करायचं तेही सांगितलं आहे, वर दिलगिरी आहे. सरकारी छापाच्या मराठीत यापेक्षा वाईट पत्रकं रोज निघतात. तरीही हे पत्रक मी जितक्या वेळा वाचलं तितकं ते मला अधिक धोकादायक वाटत गेलं. मेकॅनिकलची पदवी घेऊन मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे या मजकुराकडे दोन बाजूंनी बघायची सवय आहे : बोल्टच्या बाजूने, आणि ‘आमच्या आधीच्या आवृत्तीत दोष होता’ असं वापरणाऱ्यांना कळवण्याच्या बाजूने. हे दुसरं काम आमच्या धंद्यात वरचेवर करावं लागतं.

आधी बोल्टबद्दल, कारण त्याशिवाय पत्रकाचं तिसरं वाक्य किती चुकलंय ते कळणार नाही.

ड्रेन प्लग म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेला, जुनं ऑइल सोडायचा बोल्ट. या इंजिनात तो बारा मिलिमीटर व्यासाचा आहे. प्लग पोलादी, आणि ज्यात तो बसतो ती इंजिनाची पेटी अ‍ॅल्युमिनियमची. दोन्हींच्या मध्ये एक मऊ वॉशर. टॉर्क म्हणजे तो आवळताना पान्यावर दिलेलं पिळाचं बल. पण आपल्याला खरं हवं असतं ते पीळ नव्हे, तर बोल्ट ताणला जाऊन वॉशरवर येणारा दाब. बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे असं समजा. आवळताना ती किंचित लांबते, आणि मूळ लांबीकडे परत यायच्या तिच्या ओढीमुळे सांधा बंद राहतो. दिलेल्या पिळातला बहुतेक भाग घर्षणात खर्च होतो, अर्धा डोक्याखाली आणि उरलेल्यातला बराचसा आट्यांमध्ये. ताणासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. साधा हिशोब असा करतात :

```
F = T / (K × d)
```

यात T हा टॉर्क, d हा व्यास, आणि K हा घर्षणाचा अंदाज, कोरड्या बोल्टला साधारण ०.२. म्हणजे २४ न्यूटन-मीटरला दहा हजार न्यूटन ताण येतो, सुमारे एक टन वजनाइतका. ४२ न्यूटन-मीटरला साडेसतरा हजार, म्हणजे पावणेदोन टनांच्या वर. आणि ड्रेन प्लग कोरडा कधीच नसतो, ऑइलने माखलेला असतो. घर्षण कमी झालं की K उतरतो, आणि तो ०.१५ धरला तर त्याच ४२ ला ताण तेवीस हजारांच्या पुढे जातो.

एवढ्याने आटे तिथल्या तिथे निघून हातात येतील का? बहुधा नाही. असे प्लग बऱ्यापैकी राखीव ताकद धरून केलेले असतात. पण ताण सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही, डोक्याजवळच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवर सर्वांत जास्त येतो. तिथलं अ‍ॅल्युमिनियम आधी दबतं, मग कायमचं वाकतं. पुढच्या वेळी तोच भार त्यांच्या पलीकडच्या आट्यांवर जातो. या यंत्राला पहिल्या वीस तासांनंतर आणि नंतर दर शंभर तासांनी ऑइल बदलायचं असतं. म्हणजे चूक एकदा होऊन थांबत नाही, हप्त्याहप्त्याने वसूल होते.

माझ्या मामांच्या यंत्राचं नेमकं हेच झालं. ते आयटीआयचे फिटर, कारखान्यातून निवृत्त होऊन आता सांगली जिल्ह्यात शेती बघतात. टॉर्क पाना घरात असलेला असा शेतकरी विरळा. पहिल्या दोन वेळा काही जाणवलं नाही. तिसऱ्या वेळी पाना ‘टक्’ व्हायला नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागला. प्लग पुन्हा काढून बघितला तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे केसासारखे चकचकीत तुकडे अडकलेले, आणि वॉशर कागदासारखा चपटा. मी म्हटलं, मामा, तुम्हाला बारा मिलिमीटरच्या प्लगला बेचाळीस जास्त वाटलं नाही? ते म्हणाले, ‘वाटलं की. पण अरे, पुस्तकात बेचाळीस दिलंय तर बेचाळीसच करायचं ना? आपण कोण ठरवणार?’ शेवटी तालुक्याच्या गॅरेजात भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात हेलिकॉइल म्हणजे पोलादी तारेचं वेटोळं बसवून घ्यावं लागलं. पत्रक त्यानंतर आलं.

शेजारच्या शेतात तेच यंत्र आहे. तिथे प्लग साध्या पान्याने, हाताच्या अंदाजाने आवळतात. त्यांच्या यंत्राला काही झालेलं नाही. या चुकीचा फटका पुस्तक वाचून, मोजून काम करणाऱ्यालाच बसला. पत्रक लिहिणाऱ्याला हे सुचलेलं दिसत नाही.

आता ते तिसरं वाक्य : ‘प्लग योग्य टॉर्कला तपासून घ्यावा.’ वाचणारा काय करेल? टॉर्क पाना २४ वर लावेल, प्लगवर चढवेल आणि आवळण्याच्या दिशेने ओढेल. प्लग आधीच ४२ ला आवळलेला आहे. पाना २४ ला पोचताच ‘टक्’ करेल, प्लग जागचा हलणारही नाही, आणि माणूस म्हणेल, झालं, बरोबर आहे. ‘टक्’ करणारा पाना फक्त इतकंच सांगतो की आवळणी इतक्यापेक्षा कमी नाही. जास्त असेल तर ते त्याला कळत नाही. प्रोग्रॅमरच्या भाषेत ही तपासणी अशी आहे :

```
assert torque >= 24
```

४२ ला हे खरंच ठरणार, ६० लाही खरंच ठरणार. म्हणजे पत्रकाने सुचवलेली तपासणी एकही बिघडलेला प्लग पकडणार नाही, उलट प्रत्येकाला ‘ठीक आहे’ असा शिक्का देईल. गंमत अशी की चूक उलटी असती, म्हणजे ४२ हवे असताना २४ छापले असते, तर हेच वाक्य अगदी बरोबर ठरलं असतं. सैल राहिलेला बोल्ट पुन्हा आवळला की प्रश्न मिटतो. जास्त आवळलेला बोल्ट सैल करून पुन्हा बरोबर आवळला तरी वाकलेले आटे सरळ होत नाहीत. पत्रकात चुकीची दिशाच कुठे नाही. ‘४२ ऐवजी २४’ आहे, पण ‘म्हणजे तुम्ही जास्त आवळला आहे’ हे नाही.

ही दिशा का हरवली? मला वाटतं, त्याचं कारण पत्रकाच्या घाटात आहे. मराठी पुस्तकांतलं शुद्धिपत्रक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पान, ओळ, ‘अशुद्ध’, ‘शुद्ध’ असे रकाने, आणि वर विनंती की वाचकांनी दुरुस्ती करून मग वाचावे. हा घाट वाचकासाठी घडला आहे. कादंबरीत ‘वारा’च्या जागी ‘वारी’ छापलं गेलं तर वाचक पेन्सिलीने दुरुस्त करतो आणि पुढे जातो. चुकीचा शब्द आधी वाचला गेला असेल तरी फारसं बिघडत नाही. पुस्तिकेच्या पानावर मात्र वाचन संपत नाही, तिथून हात सुरू होतो. ‘असे वाचावे’ हे क्रियापद कागदाला लागू पडतं. प्लग कागदाच्या बाहेर, मातीत, तेलात बसलेला आहे, आणि त्याच्यापर्यंत हे वाक्य पोचत नाही.

‘सुधारित मूल्य’ हा शब्दप्रयोगही असाच निसटता. सुधारित वेळापत्रक, सुधारित वेतनश्रेणी, सुधारित आवृत्ती : या सगळ्यांत आधीचंही चालत होतं, आता अधिक चांगलं आलं असा ध्वनी आहे. ‘सुधारित मूल्य २४’ वाचून एखाद्याला प्रामाणिकपणे वाटेल की कंपनीने नवा शोध लावला, पुढच्या वेळेपासून २४ ठेवू. इथे ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे दोन साधे शब्द हवे होते.

आणि ‘नजरचुकीने’. मला ही नजरचूक वाटत नाही. २४ आणि ४२ : अंक तेच, जागा उलटी. हिशेबनिसांना एक जुनी खूण माहीत असते. दोन बेरजांमधल्या फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. ४२ वजा २४ म्हणजे १८. पुरावा नव्हे, पण संशयाला पुरेसं. आणि मराठीत या अदलाबदलीला एक खास वाट आहे. आपण लिहितो २४, पण म्हणतो चोवीस : आधी चार, मग वीस. ४२ लिहितो आणि म्हणतो बेचाळीस : आधी दोन, मग चाळीस. एकाने इंग्रजी तक्ता मराठीत वाचून दाखवला आणि दुसऱ्याने टंकला, तर ‘चो’ कानावर पडताच बोट ४ कडे जाणं अगदी स्वाभाविक आहे. मनातल्या मनात वाचून टंकणाऱ्याचंही हे होतं. हा माझा तर्क आहे. पण तो बरोबर असेल तर चूक कानाची आहे, आणि नजरेने मुद्रितशोधन करून ती सापडण्याची शक्यता कमी, कारण ४२ हा आकडा दिसायला काहीच वावगा नाही. ४२० छापलं असतं तर पोरानेही विचारलं असतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ज्या अडचणींवर बोट ठेवलं होतं त्यांत हीच होती : लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा. विधानसभेपर्यंत त्यावर विनोद झाले. मला स्वतःला ‘बेचाळीस’ टाकून ‘चाळीस दोन’ म्हणायची हौस नाही. पण त्या वादात ही अडचण फक्त सात वर्षांच्या मुलांची असल्यासारखं सगळे बोलत होते. ती छापखान्यातल्या मोठ्या माणसांचीही आहे, आणि तिच्यावर भाषा न बदलता उपाय करता येतो.

तो उपाय इंग्रजी पुस्तिकेत होताच. तिथल्या तक्त्यात प्रत्येक मूल्य दोन एककांत दिलं आहे : २४ न्यूटन-मीटर, आणि शेजारी कंसात २.४ किलोग्रॅम-मीटर. मराठी करताना कंस गाळला. कदाचित शेतकऱ्याला सोपं जावं म्हणून, कदाचित रकाना अरुंद पडला म्हणून. पण तो दुसरा आकडा पहिल्याचा साक्षीदार होता. किलोग्रॅम-मीटरला जवळपास दहाने गुणलं की न्यूटन-मीटर येतात. ‘४२ (२.४)’ असं छापलं गेलं असतं तर टॉर्क म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या मुद्रितशोधकालाही दोघांतला एक खोटं बोलतोय हे दिसलं असतं. आम्ही फाइलीसोबत चेकसम पाठवतो ते याचसाठी. मराठीत येताना सुलभीकरणाच्या नावाखाली नेमकी ही सोबत काढून टाकली, आणि आश्चर्य म्हणजे शुद्धिपत्रकातही ती परत आणलेली नाही. तिथेही एकटा २४ उभा आहे. आता यावर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर पत्रकाकडे नाही.

किंवा आहे, चौथ्या वाक्यात : ‘शंका असल्यास इंग्रजी पुस्तिका ग्राह्य धरावी.’ सगळ्या मजकुरात मला राग आला तो इथे. ज्याला इंग्रजी पुस्तिका वाचता येत होती त्याला मराठी लागतच नव्हती. ज्याच्यासाठी मराठी काढली त्याला सांगायचं की खरं पुस्तक ते, हे आपलं तुमच्या सोयीसाठी. बरं, शंका यावी कशी? मामांना आली होती, पण छापील शब्दाच्या मानाने त्यांनी ती गिळली. यापुढे ते मराठी पुस्तिकेतल्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतील, आणि शेजारच्या शेतातला माणूस म्हणेल, मी सांगत नव्हतो, पुस्तकं बघायची नसतात. मराठीतून तांत्रिक मजकूर यावा म्हणून आपण भाषेच्या प्रेमाने बोलत असतो. ज्या पुस्तिकेची जबाबदारी तिची कंपनीच घेत नाही, ती कितीही शुद्ध मराठीत असली तरी लोक तिच्यापासून दूर राहतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

विमानांच्या दुनियेत अशी सूचना निघते तेव्हा तिच्यात कुठल्या यंत्रांना ती लागू आहे, धोका काय, काय करायचं आणि किती काळात, हे ठरलेलं असतं. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-सूचनाही साधारण याच अंगाने जातात : कुठल्या आवृत्त्या बाधित, परिणाम काय, तात्पुरता उपाय काय. लिहिणाऱ्याची शैली बरी असो वा वाईट, हे रकाने त्याला वापरणाऱ्याच्या जागी उभं राहायला लावतात. असंच मराठीत लिहायला काही अवघड नाही. नुसती टीका करून थांबू नये, म्हणून माझा मसुदा देतो :

‘तुमच्या मराठी पुस्तिकेच्या पान ३८ वर ऑइल ड्रेन प्लगचा टॉर्क ४२ न्यूटन-मीटर छापला आहे. तो चूक आहे. बरोबर टॉर्क २४ न्यूटन-मीटर (२.४ किलोग्रॅम-मीटर) आहे. चूक आमची आहे.

‘पुस्तिका बघून तुम्ही ऑइल बदललं असेल तर प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला गेला आहे. प्लगखाली ऑइलचा थेंब दिसत नसेल तर यंत्र लगेच बंद ठेवायची गरज नाही. पुढच्या वेळी ऑइल बदलताना खालीलप्रमाणे बघा. थेंब दिसत असेल तर आजच बघा. प्लगवर पाना चढवून “टक्” होतो का हे बघू नका. जास्त आवळलेला प्लग त्यात कळत नाही.

‘ऑइल सोडा, प्लग काढा, पुसा. आट्यांत चकचकीत पांढरे तुकडे आहेत का बघा. मग प्लग नुसत्या बोटांनी आत फिरवा. तो शेवटपर्यंत अलगद जायला हवा. अडकला, डुगडुगला किंवा तुकडे दिसले तर पुढे आवळू नका, यंत्र विक्रेत्याकडे आणा. दुरुस्तीचा खर्च आम्ही करू. सर्व ठीक असेल तर नवा वॉशर घाला, जुना वापरू नका, आणि २४ ला आवळा. आवळताना पाना फिरत राहिला पण जोर वाढला नाही, तर थांबा. आटे गेले आहेत.

‘टॉर्क पाना नसेल तर : वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून काटकोनात ओढा. काटा बारा किलो दाखवेल तिथे थांबा.’

पाच वाक्यांच्या जागी पानभर मजकूर झाला, हे मला दिसतंय. पण यातलं कुठलं वाक्य काढायचं ते मला ठरवता येत नाही. शेवटचा परिच्छेद तर मूळ पुस्तिकेतच असायला हवा होता. चोवीस न्यूटन-मीटर म्हणजे वीस सेंटिमीटरवर बारा किलो, बेचाळीस म्हणजे एकवीस किलो. हा फरक हाताला कळतो, आणि ज्याला हाताने कळतो तो छापील आकड्याला प्रश्नही विचारू शकतो. खर्चाचं वाक्य कंपनीचा वकील काढेल, ते मला माहीत आहे. तो काढेपर्यंत तरी असू द्या.

एक गोष्ट मात्र मसुद्यानेही सुटत नाही. पुस्तिकेवर मुद्रणाची तारीख किंवा आवृत्तीचा क्रमांकच नाही. उद्या दुरुस्त केलेली प्रत छापली तरी दुकानातल्या गठ्ठ्यातली कुठली जुनी आणि कुठली नवी हे मुखपृष्ठ बघून कळणार नाही. पान ३८ उघडावं लागेल. मामांनी त्यांच्या प्रतीत ४२ वर काट मारून बॉलपेनने २४ लिहिलंय, शेजारी कंसात २.४, आणि खाली तारीख.